३८० लिटरच्या डिकीत न मावलेली बाबागाडी

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, नऊ महिन्यांची मुलगी आणि सासूबाई. पुण्याहून वर्षातून दोनदा मुंबई विमानतळ आणि तीन-चारदा गावाला जातो. सामान म्हणजे दोन मोठ्या बॅगा आणि बाबागाडी, झालंच तर एक छोटी बॅग. चार मीटरच्या आतली एक सेडान पाहिली, डिकी ३८० लिटर. तेवढ्याच लांबीची एसयूव्ही पाहिली, तिची ३३० लिटर. सेडान घेतली तर ५० लिटर जागा जास्त मिळेल, हा हिशोब बरोबर आहे का?

उत्तर:

हिशोब बरोबर आहे, पण तुमचं सामान लिटरमध्ये नाही. ते पेट्यांमध्ये आहे, आणि पेटी पाण्यासारखी कोपऱ्यात शिरत नाही. तुमच्या यादीपुरतं बोलायचं तर ३३० लिटरवाली गाडी तुम्हाला जास्त उपयोगी पडण्याची बरीच शक्यता आहे. तरी 'शक्यता' हाच शब्द वापरतो, कारण उत्तर तुमच्या बाबागाडीच्या घडीवर अवलंबून आहे आणि ती कुठल्या प्रकारची हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते नंतर सांगतो.

माझा व्यवसाय पुणे-मुंबई विमानतळ गाड्यांचा. सतरा वर्षं झाली. स्वतः चालवत होतो तेव्हा आणि आता चार ड्रायव्हर आहेत तेव्हाही, फोनवर माझा पहिला प्रश्न 'माणसं किती' हा नसतो, 'बॅगा किती आणि केवढ्या' हा असतो. हे शहाणपण एका रात्रीतून आलं. कोथरूडहून पहाटे दोनचं पिकअप होतं. जोडपं, कडेवर बाळ, दोन मोठ्या बॅगा आणि एक बाबागाडी. डिकी चारशे लिटरच्या वरची, म्हणून मी निर्धास्त. दोन्ही बॅगा छान आडव्या बसल्या आणि बाबागाडी हातात राहिली. डिकीत डोळ्यांना जागा दिसत होती, बॅगांच्या वर होती, मागे होती, बाजूला होती, पण बाबागाडी जाईल अशी सलग जागा एकही नव्हती. शेवटी ती पुढच्या सीटवर पट्टा बांधून ठेवली आणि तिघं मागे बसले. रिकामी दिसणारी जागा आणि कामाची जागा यांत फरक असतो, तो त्या रात्री कळला.

आधी तो लिटरचा आकडा येतो कुठून ते पाहू. जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेची व्हीडीए नावाची पद्धत आहे आणि तिच्याशी जुळणारं आयएसओ ३८३२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात डिकी पाण्याने भरत नाहीत, ठोकळ्यांनी भरतात. एक ठोकळा २० सेंमी लांब, १० सेंमी रुंद, ५ सेंमी जाड, म्हणजे बरोबर एक लिटर. साधारण जाडजूड कंपासपेटीएवढा. झाकण नीट बंद होईल अशा बेताने जेवढे ठोकळे मावतील तेवढे लिटर. पद्धत प्रामाणिक आहे, पण एवढासा ठोकळा चाकाच्या उंचवट्यामागच्या खाचेत जातो, स्टेपनीच्या कडेच्या पोकळीत जातो, दिव्याच्या मागच्या कोनाड्यातही जातो. तुमची बॅग यांतल्या एकाही ठिकाणी जात नाही. त्या खाचांमध्ये आम्ही पाण्याच्या बाटल्या, चपला आणि फडकी ठेवतो. म्हणजे जागा वाया जात नाही, पण ती बॅगेची जागा नव्हे.

अमेरिकेत सेडानची डिकी मोजताना ठरावीक मापांच्या सुटकेससारख्या पेट्या वापरायची पद्धत आहे, आणि उत्तर घनफुटात येतं. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाने सांगितलेला आकडा गुणून आपल्या आकड्याशेजारी ठेवू नका. मोजायचे ठोकळेच वेगळे आहेत.

दुसरी भानगड अशी की मोजणी कुठपर्यंत केली. सेडानला वरून पक्कं छप्पर आहे, तिथे प्रश्न येत नाही. मागचा दरवाजा वर उचलणाऱ्या गाड्यांमध्ये, म्हणजे हॅचबॅक आणि एसयूव्हीत, मागे एक उचलता येणारा ट्रे असतो. आकडा त्या ट्रेपर्यंतचा आहे की थेट छतापर्यंतचा, यावर तो कितीतरी बदलतो. आपल्याकडच्या ब्रोशरमध्ये हे बहुधा लिहिलेलं नसतं. मधल्या आकाराच्या गाडीला चारशेच्या आसपासचा आकडा असेल तर तो ट्रेखालचा, असं मी धरून चालतो. त्याचा तुमच्यासाठी अर्थ असा की सेडानचे ३८० लिटर म्हणजे तिची सगळी पुंजी, आणि एसयूव्हीचे ३३० म्हणजे ट्रे काढण्याआधीची पुंजी.

आता मोजपट्टी काढू. माझ्याकडे चार मीटरच्या आतली एक सेडान आहे आणि माझ्या पुतण्याकडे तेवढ्याच लांबीची एसयूव्ही. आकडे तुम्ही पाहिलेल्या गाड्यांच्या जवळपासचेच आहेत, म्हणून ही दोन्ही मापं देतो. तुमच्या गाड्यांची मापं दोन-चार सेंमीने वेगळी निघतील, आणि पुढे दिसेल की सगळा खेळ त्या दोन-चार सेंमीचाच आहे.

आधी सामान. मोठी बॅग मोजताना लेबलवर जाऊ नका. लेबलवर ७५ असतं ते कधी चाकांशिवायचं असतं. बॅग उभी करा आणि जमिनीपासून वरच्या मुठीपर्यंत मोजा. आमच्या घरची '७५ची' बॅग ७७ भरते, रुंदी ५० आणि जाडी ३०. बेरीज १५७. विमान कंपन्यांची चेक-इन बॅगेची नेहमीची मर्यादा तिन्ही मापं मिळून १५८ सेंमी असते, म्हणून बहुतेक मोठ्या बॅगा याच आकाराच्या आसपास निघतात. बाहेरून मोजली तर अशी एक बॅग सुमारे ११५ लिटर होते. बॅगेवर ९५ किंवा १०० लिटर लिहिलेलं असतं ते आतल्या जागेचं. डिकीला तुमचे कपडे दिसत नाहीत, तिला कवच, चाकं आणि मूठ दिसते.

बाबागाडी आपण सध्या पुस्तकासारखी मिटणारी, विमानात नेतात तसली छोटी धरू. घडी ५४ लांब, ४४ रुंद, १९ जाड. म्हणजे जेमतेम ४५ लिटर.

कागदावर हिशोब असा: दोन बॅगांचे २३१ लिटर, बाबागाडीचे ४५, एकूण २७६. सेडानमध्ये यानंतरही शंभर लिटर उरायला हवेत.

आता सेडान. तळाची खोली सीटच्या पाठीपासून मागच्या काठापर्यंत ९२ सेंमी. दोन चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी १०१. उंची ४८. पण ही उंची सगळीकडे नाही. सीटची पाठ मागे कललेली असते, त्यामुळे वर जाताना ९ सेंमी खोली कमी होते, आणि मागच्या १२ सेंमीत झाकण खाली उतरतं. म्हणजे पूर्ण उंचीची वस्तू ठेवायला ९२ नव्हे, ७१च सेंमी मिळतात.

दोन मोठ्या बॅगा शेजारी शेजारी आडव्या झोपवा. ५० आणि ५० मिळून १००, जागा १०१. बसल्या, अगदी मापात. आता उरलं काय? बॅगांच्या वर ४८ वजा ३०, म्हणजे १८ सेंमीची फट. बाबागाडी १९. बॅगांच्या मागे ९२ वजा ७७, म्हणजे १५ सेंमीची पट्टी. बाबागाडी १९. बाजूला एक सेंमी. पुढ्यात दीडशे लिटर जागा मोकळी आहे आणि ४५ लिटरची वस्तू ठेवायला कुठेच वाव नाही. पहाटे दोन वाजता कोथरूडला हेच झालं होतं.

मग बॅगा वेगळ्या लावून पाहू, असं कोणीही म्हणेल. एकावर एक ठेवायच्या तर ६० उंची लागते, आहे ४८. कुशीवर उभी करायची तर ५० लागते, तिथेही ४८. इथे दोन सेंमीसाठी घोडं अडतं. कापडी बॅग असेल आणि फार ठासून भरलेली नसेल तर दाबून दोन सेंमी मिळतील. कडक कवचाची बॅग एक मिलिमीटर सोडत नाही. वर झाकण दाबून बंद करायला गेलात तर आधी कुलपाचा खटका जातो, मग झाकणाची रेघ जाते. ड्रायव्हर लोक झाकणावर बसून डिकी लावतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

पण त्याच सेडानमध्ये दोनपैकी एक बॅग मध्यम आणा. ६८ लांब, ४६ रुंद, २८ जाड. ही कुशीवर उभी राहते, कारण ४६ हे ४८च्या आत आहे. लांबी ६८, ती ७१मध्ये जाते. मोठी बॅग एका बाजूला आडवी, तिने ५० रुंदी घेतली. शेजारी मध्यम बॅग उभी, तिने २८ घेतली. उरली २३ सेंमी रुंदीची गल्ली. त्यात १९ जाडीची बाबागाडी पुस्तकासारखी उभी सरकते, तिची उंची ४४. मोठ्या बॅगेच्या वर १८ सेंमीची फट आहे, तिथे बाळाचा अंथरुणाचा गुंडाळा किंवा कापडी पिशव्या. एका बॅगेचे २८ लिटर कमी केले आणि सगळं सामान मावलं. म्हणून आमच्याकडे लहान बाळ घेऊन जाणारं गिऱ्हाईक आलं की मी सांगतो, एक मोठी आणि एक मध्यम आणा, दोन मोठ्या आणू नका. लोकांना वाटतं मी नखरे करतोय.

सेडानची आणखी एक खोड या मापांत दिसत नाही. झाकणाला आतून वाकडे दांडे असतात. झाकण उघडं असताना ते बाहेर असतात, बंद करताना ते डिकीच्या आत उतरतात. माझ्या गाडीत ते चाकांच्या उंचवट्यांच्या वर येऊन थांबतात, म्हणून मधल्या सामानाला लागत नाहीत. पूर्वीच्या गाडीत ते आणखी आत यायचे आणि उभ्या बॅगेच्या कोपऱ्यावर रुतायचे. शोरूममध्ये हे डोळ्यांनी कळत नाही, कारण झाकण बंद झालं की आत बघता येत नाही. माझी बायको यावर हसते, पण उपाय रामबाण आहे: बॅगेच्या कोपऱ्यांवर कणकेचे चार गोळे ठेवा, झाकण हळू लावा, उघडा. जो गोळा चपटा झाला तिथे दांडा येतो, आणि किती चपटा झाला त्यावरून किती जागा कमी ते कळतं. ज्या गाड्यांत दांडे बाजूच्या कप्प्यात लपतात किंवा बाहेरून पट्ट्या असतात तिथे हा प्रश्न नाही.

आता पुतण्याची एसयूव्ही. तळाची खोली फक्त ७२. सेडानपेक्षा २० सेंमी कमी, आणि पहिल्यांदा दरवाजा उघडल्यावर मन खट्टू होतं ते यामुळेच. उंचवट्यांमधली रुंदी १०१, योगायोगाने तेवढीच. ट्रेपर्यंत उंची ४७, छतापर्यंत ७८. सीटची पाठ इथेही कलते, त्यामुळे ५० सेंमी उंचीवर खोली ६२ राहते.

ट्रे जागेवर ठेवला तर ही गाडी हरते. मोठी बॅग ७७ची, खोली ७२, म्हणजे गाडीच्या लांबीत झोपत नाही. आडवी झोपवली तर ५० खोली खाते आणि मागे २२ सेंमी उरतात. एक मोठी बॅग, तिच्यामागे उभी बाबागाडी, वर पिशव्या, संपलं. ब्रोशरमधले ३३० लिटर हे असे दिसतात.

ट्रे काढा. आता दोन्ही मोठ्या बॅगा कुशीवर उभ्या करा, गाडीच्या रुंदीत आडव्या, एकीमागे एक. उंची ५०, वर छत ७८वर. दोघींची जाडी ६०, आणि त्या उंचीवर खोली ६२. बसल्या. बॅगांनी रुंदीतले ७७ घेतले, म्हणून एका बाजूला २४ सेंमीची गल्ली राहिली. त्या गल्लीत बाबागाडी उभी: १९ जाड, ५४ खोल, ४४ उंच. दरवाजा बंद होतो. दोन मोठ्या बॅगा आणि बाबागाडी, ३३० लिटरच्या गाडीत, आणि तीच यादी ३८०च्या सेडानमध्ये मावली नव्हती.

यात जादू नाही. सेडानची जागा लांब आणि ठेंगणी, एसयूव्हीची आखूड आणि उंच. तुमच्या बॅगेचं मधलं माप, म्हणजे ५० सेंमीची रुंदी, उभी राहू शकते की नाही यावर सगळं ठरतं. ती उभी राहिली की बॅग तळावर ५०ऐवजी ३० सेंमीच अडवते आणि बाबागाडीला वाट मिळते. म्हणून गाडी बघायला जाताना मी खिशात एकच आकडा ठेवायला सांगतो: माझ्या बॅगेची रुंदी. डिकीत तेवढी उंची मिळते का?

ट्रे काढण्याची किंमत आहे, तीही सांगतो. सामान बाहेरून दिसतं, म्हणून फूड मॉलवर गाडी उभी करून सगळे एकदम उतरायचं नाही. बॅगा ५० सेंमीच्या, ट्रेची रेघ ४७ची, म्हणजे तीनच सेंमी वर येतात आणि आरशातून मागचं दिसत राहतं. पण आता वर अठ्ठावीस सेंमी रिकामे आहेत म्हणून तिथे केबिन बॅग टाकायचा मोह होतो, तो करू नका. मागच्या सीटवर तुमची मुलगी आणि सासूबाई आहेत. जोरात ब्रेक लागला तर सीटच्या पाठीच्या वर ठेवलेली सात किलोची बॅग थेट पुढे येते, तिला अडवायला काही नसतं. वर फक्त मऊ गोष्टी: शाल, डायपरचं पाकीट, उशी. केबिन बॅग पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी किंवा मागे बसणाऱ्यांच्या पायाशी जाते. जड बॅग सीटच्या पाठीला चिकटून, हलकी दरवाजाकडे.

आता बाबागाडी. इथपर्यंत मी तिला छोटी धरलं. ती तशी नसेल तर वरचं सगळं गणित बदलतं.

छत्रीसारखी मिटणारी गाडी असेल तर घडी बारीक पण लांब होते. आमच्या नात्यातल्या एका बाळाची १०५ लांब, २८ रुंद आणि २५ जाड भरते. लोक म्हणतात, तिरकी टाकू. कर्ण मोजला तर १०१ आणि ७२चा कर्ण १२४ येतो, म्हणजे जाईल असं वाटतं. जाते, पण एकटीच. तिरकी वस्तू तळाचे दोन त्रिकोण करते आणि त्रिकोणात बॅग बसत नाही. शिवाय कर्ण हा रेषेचा असतो, तुमची वस्तू २५ सेंमी जाड आहे, ती कोपऱ्यात टोकापर्यंत पोचतच नाही. अशा गाडीला जागा कुठे? उंचवट्यांच्या वर रुंदी वाढते, तिथे बॅगांच्या डोक्यावर आडवी. म्हणजे पुन्हा एसयूव्हीच, ट्रे काढून, आणि तिला पट्ट्याने बांधायला हवं. सेडानमध्ये उंचवट्यांच्या मागे, काठाजवळ रुंदी जास्त असते. तिथे ती आडवी राहते, पण मग मोठ्या बॅगा लांब झोपवता येत नाहीत, कारण तिथे फक्त १५ सेंमी उरतात.

तिसरा प्रकार मोठ्या चाकांच्या गाडीचा, ज्यावर कार सीटही बसते. तिची घडी ८० बाय ६० बाय ३८च्या आसपास. ती एसयूव्हीत आडवी ठेवली की १०१ बाय ७२च्या तळावर बाकी काही ठेवायला राहत नाही. ही गाडी असेल तर मागची चाकं सुटतात का बघा. बहुतेकांची बटण दाबून निघतात आणि घडी बरीच पातळ होते. चाकं वेगळ्या पिशवीत घालून खाचांमध्ये जातात, म्हणजे ज्या जागेला मी मघाशी नावं ठेवली ती इथे कामाला येते. तरीही अशा बाबागाडीसोबत दोन मोठ्या बॅगा चार मीटरच्या कुठल्याच गाडीत मागची सीट न दुमडता नेता येतील असं मला वाटत नाही. प्रवासापुरती छोटी बाबागाडी घेणं हे मोठी गाडी घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, हे मात्र नक्की.

सीट दुमडण्याचं म्हणाल तर छोट्या सेडानमध्ये बहुधा मागची पाठ दुमडतच नाही. एसयूव्हीत ६०:४० दुमडते, पण तुमच्याकडे बाळाची सीट आहे आणि सासूबाई आहेत. बाळाची सीट ६०च्या भागात घट्ट बसवली की ४०चा भाग दुमडता येतो, पण मग सासूबाई बाळाच्या सीटशेजारी मधल्या जागेवर. मुंबईपर्यंत चालेल, गावाच्या सहा तासांना चालणार नाही. म्हणून तुमच्यासाठी मी सीट दुमडणं हिशोबात धरलेलंच नाही. काही गाड्यांत मागच्या सीटची पाठ थोडी मागे रेलते. बसणाऱ्याला बरं वाटतं, पण रेललेली पाठ डिकीची खोली खाते. मापताना ती सरळ करून आणि रेलवून, दोन्ही वेळा मोजा.

सीएनजीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुणे-मुंबई धावणारा माणूस आज ना उद्या त्याचा विचार करतोच. सीटच्या पाठीमागे आडवा सिलिंडर आला की जाते ती खोली, आणि सेडानची सगळी श्रीमंती खोलीतच होती. माझ्या सीएनजी गाड्यांत मोठी बॅग लांब झोपतच नाही. म्हणूनच टॅक्सीच्या टपावर कॅरियर दिसतो. टाटांनी दोन छोटे सिलिंडर तळाखाली ठेवायची पद्धत आणली, तिने तळ सपाट राहतो, पण जागा जाते ती जातेच. अल्ट्रोझची डिकी पेट्रोलमध्ये ३४५ लिटर आणि सीएनजीमध्ये २१० सांगितली जाते. सीएनजी घेणार असाल तर पेट्रोल मॉडेलची डिकी उघडून मोजू नका. शोरूमवाले हमखास तीच दाखवतात, कारण तीच उभी असते.

तीन रांगांच्या गाडीचंही तसंच. एर्टिगाची डिकी तिसरी रांग उभी असताना २०९ लिटर आणि दुमडल्यावर ५५० लिटर. चौघांसाठी तिसरी रांग कायम दुमडलेलीच राहणार असेल तर दोन मोठ्या बॅगा आणि कुठलीही बाबागाडी हा प्रश्नच संपतो. बजेट आणि पार्किंग हा वेगळा विषय.

शोरूमला जाताना मी काय करतो ते सांगतो. खऱ्या बॅगा नेल्या तर उत्तम, पण रिकाम्या नेऊ नका, आत उशा भरा. रिकामी कापडी बॅग पोट आत घेते आणि खोटं बोलते. बाबागाडी मात्र खरीच न्या, घडी घालून कुलूप लावलेली. बॅगा न्यायला लाज वाटत असेल तर पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापा: ७७ बाय ५०, ७७ बाय ३० आणि ५० बाय ३०. हे तुमच्या बॅगेचे तीन चेहरे. तळावर कुठला चेहरा किती वेळा बसतो, आणि त्यावर उरलेलं माप उंचीत मिळतं का, एवढंच पाहायचं. टेपने पाच मापं घ्या: तळाची खोली, बॅगेच्या उंचीवरची खोली, उंचवट्यांमधली रुंदी, उंची, आणि डिकीचं तोंड. तोंड विसरू नका. सेडानमध्ये आत ४८ उंची असते, पण मागची काच आणि काठ यांच्यामधल्या फटीतून बॅग आत जायला हवी. आडवी बॅग सहज जाते. मध्यम बॅग उभी ठेवायची असेल तर आडवी आत न्यायची आणि आत गेल्यावर उभी करायची, म्हणून ती आधी, मोठी नंतर. क्रम चुकला की पुन्हा सगळं बाहेर.

काठाची उंचीही हाताने अनुभवा. २३ किलोची बॅग उंबऱ्यावरून उचलून आत खाली ठेवायची असते, आणि विमानतळावर ते काम तुमच्यापैकी एकाने करायचं, दुसऱ्याच्या कडेवर मुलगी असणार. काही एसयूव्हींचा काठ कमरेला येतो.

तर सध्या जे सांगितलंत त्यावर माझं मत: बाबागाडी छोटी घडीची असेल आणि दोन्ही बॅगा मोठ्याच न्यायच्या असतील तर एसयूव्ही, ट्रे घरी ठेवून. एक बॅग मध्यम करायला तयार असाल तर सेडानही चालते, आणि सामान झाकलेलं राहतं. पण आधी तुमच्या बाबागाडीच्या घडीची तीन मापं आणि बॅगेची रुंदी इथे लिहा. बॅगेची रुंदी ४७ भरली तर मी वर जे सेडानबद्दल लिहिलं त्यातलं अर्धं मागे घेईन.